न दुखणारी मानेतली गाठ

गाठ सापडली ती न्हाव्याच्या खुर्चीत. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, वय ५४. दाढी करताना वस्तरा उजव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली आला आणि कारागिराचा हात थांबला. "काका, इथं काहीतरी टणक लागतंय." काकांनी चाचपून पाहिलं. टपोऱ्या द्राक्षाएवढं काहीतरी होतं खरं. पण दुखत नव्हतं. ताप नाही, घसा साफ, आवाज ठणठणीत, भाकरी नीट उतरत होती. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, हा आपला सगळ्यांचा हिशोब. नाशिकला कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करताना हा हिशोब मला जवळजवळ रोज ऐकू येतो. चाळिशीनंतरच्या मानेतल्या गाठीला मात्र तो लागू पडत नाही. (काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, दोनतीन रुग्णांच्या गोष्टी एकात आल्या आहेत.)

दात किडला, घसा सुजला की मानेतली गाठ झपाट्याने फुगते. आवरण ताणलं जातं, म्हणून ती दुखते, आणि दोन आठवड्यांत ओसरते. कॅन्सरच्या पेशी गाठीत सावकाश वाढतात, आवरणाला ताण सोसायला वेळ मिळतो, म्हणून दुखत नाही. टीबीची गाठही बऱ्याचदा दुखत नाही, आणि आपल्याकडची पहिली गफलत तिथेच होते. काकांना गावात पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं, मग दुसरं, जास्त ताकदीचं. गाठ तशीच. मग कोणीतरी सुचवलं की टीबीच असेल, औषधं सुरू करून बघू. काकांच्या मुलीने तेवढं होऊ दिलं नाही आणि त्यांना घेऊन नाशिकला आली. तोवर दीड महिना गेला होता आणि द्राक्षाचं लिंबू झालं होतं.

सुईने गाठीतलं पाणी काढून तपासलं, म्हणजे एफएनएसी केली, तर सहा मिली गढूळ पिवळसर द्रव आला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: 'सिस्टमधला द्रव, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत.' घरच्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही, आणि त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच वयाच्या एका माणसाची अशीच पाण्याने भरलेली गाठ मी जन्मजात सिस्ट समजून सरळ काढून टाकली होती. आठवड्याने पॅथॉलॉजीचा कागद आला: कॅन्सर. मूळ कुठे ते माहीत नाही आणि मान तर मी उघडून बसलेलो. पुढची शस्त्रक्रिया त्या व्रणातून करावी लागली, सगळे थर एकमेकांना चिकटलेले. तेव्हापासून माझा नियम आहे: जन्मजात सिस्ट विशी-पंचविशीत दिसते. चाळिशीनंतर पहिल्यांदा उगवलेली सिस्ट ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरचीच गाठ समजायची. पाण्यात पेशी सापडल्या नाहीत याचा अर्थ एवढाच की पाण्यात त्या नव्हत्या. त्या भिंतीत असतात.

म्हणून सोनोग्राफीत बघत सुई गाठीच्या जाड भिंतीत नेली आणि तिथला तुकडा घेतला. टीबीची तपासणीही त्याच तुकड्यावर केली, ती निगेटिव्ह आली. पेशी कॅन्सरच्या निघाल्या, स्क्वॅमस जातीच्या. म्हणजे तोंड किंवा घशाच्या अस्तरातून निघून मानेत येऊन बसलेल्या. प्रश्न उरला, निघाल्या कुठून? काकांच्या तोंडात, जिभेवर, गालात काहीही नव्हतं.

इथे पॅथॉलॉजिस्टला एकच जादा तपासणी सांगायची असते, पी१६ची. ती समजून घेतली की बाकीचं सगळं उलगडतं.

एचपीव्ही हा विषाणू अनेकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या संदर्भात ऐकलेला असतो. त्या संबंधाच्या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८चं नोबेल मिळालं. हाच विषाणू, बहुतेक वेळा त्याचा १६ नंबरचा प्रकार, घशातही घर करतो. त्याला आवडणाऱ्या जागा दोन, टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. टॉन्सिल वरून गुळगुळीत दिसला तरी त्यात खोल भेगा असतात आणि भेगांच्या तळाशी अस्तर जाळीसारखं विरळ असतं. विषाणू तिथे शिरतो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावतं. फार थोड्यांमध्ये तो ठाण मांडतो आणि अनेक वर्षांनी, कधी दोन-तीन दशकांनी, गाठ होते. गाठ भेगेच्या तळाशी, म्हणून तोंड उघडून बॅटरी मारली तरी दिसत नाही. आणि टॉन्सिलमधून मानेच्या गाठींकडे जाणारा रस्ता अगदी जवळचा, म्हणून मूळ गाठ वाटाण्याएवढी असतानाच मानेतली लिंबाएवढी झालेली असते.

आता पी१६. पेशीला वाढीचा ब्रेक असतो. विषाणूचं एक प्रथिन हा ब्रेकच निकामी करतं आणि दुसरं प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवणाऱ्या पहारेकऱ्याला गिळून टाकतं. ट्रॅक्टरच्या ब्रेकची तार तुटली तर ड्रायव्हर काय करेल? पेडल तळापर्यंत दाबेल. पेशीही तेच करते. पी१६ हे तिचं पेडल आहे. ती ते भरमसाट बनवत राहते, पण तार तुटलेली असल्याने उपयोग शून्य. काचेवर रंग टाकला की हे पेडल तपकिरी दिसतं. ७० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींत ठळक तपकिरी रंग असेल तर पी१६ पॉझिटिव्ह म्हणायचं. काकांची काच जवळपास पूर्ण तपकिरी होती. मानेच्या त्या भागातल्या गाठीत हे दिसलं की बोट सहसा टॉन्सिलकडे किंवा जिभेच्या मुळाकडे जातं.

बोट जातं म्हणजे खरोखरच बोट जातं. ग्लोव्ह घालून मी काकांचा टॉन्सिल चाचपला. डावा मऊ, उजव्याच्या खालच्या टोकाला दगडासारखं काहीतरी. दिसत काहीच नव्हतं. एमआरआयमध्ये १.८ सेंटिमीटरची गाठ आली, आणि मानेतली ३.५ सेंटिमीटरची. भूल देऊन टॉन्सिलचा तुकडा घेतला, तोही तसाच निघाला. कॅन्सर असेल तिथे चमकणाऱ्या पेट-सीटी स्कॅनमध्ये छाती, यकृत, हाडं स्वच्छ.

एक खबरदारी मात्र आपल्या भागात घ्यावीच लागते. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडलेले आहेत. आपल्याकडे तंबाखूचा वाटा मोठा. अशा ठिकाणी पी१६ पॉझिटिव्ह असूनही विषाणू नसलेले रुग्ण जास्त भेटतात, पेडल दाबलेलं पण तार दुसऱ्याच कारणाने तुटलेली. २०२३ साली सात हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात दिसलं की पी१६ आणि विषाणूची चाचणी यांचं साधारण ९ टक्के रुग्णांत जुळत नाही, आणि न जुळणाऱ्यांचं पुढचं भवितव्य दोन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांइतकं चांगलं नसतं. म्हणून त्याच तुकड्यावर विषाणूची जनुकीय चाचणीही करून घेतलेली बरी. काकांची केली, विषाणूचा १६ नंबरचा प्रकारच सापडला.

स्टेजचं ऐकून घरच्यांचा गोंधळ उडाला. आधी एका डॉक्टरांनी "चौथी स्टेज" म्हटलं होतं, मी "पहिली" म्हटलं. दोघंही खोटं बोलत नव्हतो. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये मानेत ३ सेंटिमीटरहून मोठी गाठ असली की चौथी स्टेज. २०१७-१८मध्ये जगभर रूढ झालेल्या नव्या पद्धतीत पी१६ पॉझिटिव्ह घशाच्या कॅन्सरची वेगळी मोजणी सुरू झाली. त्यात एकाच बाजूच्या, ६ सेंटिमीटरपर्यंतच्या सगळ्या गाठी एकाच खान्यात येतात आणि घशातली मूळ गाठ लहान असेल तर स्टेज पहिली ठरते. कारण हे रुग्ण खरंच जास्त जगतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात तीन वर्षांनी विषाणूवाल्या रुग्णांपैकी ८२ टक्के हयात होते, विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के. तंबाखूने पेशीची जनुकंच मोडतात. विषाणूने पहारेकऱ्याचं प्रथिन गिळलेलं असतं, त्याचं जनुक बहुधा शाबूत असतं, म्हणून अशा पेशी रेडिएशनने लवकर मरतात.

त्याच अभ्यासाने आणखी एक रेघ ओढली, धूम्रपानाची. दिवसाला २० सिगारेट वर्षभर, म्हणजे एक 'पॅक-वर्ष'. दहाच्या वर गेलात की विषाणूमुळे मिळणारा फायदा घटतो. काका कॉलेजात असताना रोज दहाएक ओढायचे, सहा वर्षं. म्हणजे तीन पॅक-वर्षं. पण गेली वीस वर्षं दाढेखाली तंबाखू-चुना असतो, त्याचं काय? पॅक-वर्षाच्या हिशोबात तो बसतच नाही. हे माप अमेरिकेतल्या सिगारेटवाल्यांवर बेतलेलं आहे. आपल्या माणसाला 'कमी जोखमीचा' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते ती याच कारणाने.

उपचार ठरवताना खरा प्रश्न असतो तो कमीत कमी किती प्रकारच्या उपचारांत काम होईल हा. कात्री, किरण आणि केमो, तिन्ही बरे करतात आणि तिन्ही आपापला वसूल करून घेतात. तिन्ही एकाच घशावर पडले तर माणूस बरा होतो पण आयुष्यभर नीट गिळू शकत नाही, असं होऊ शकतं. वाट दोनच. एक, तोंडातूनच, रोबोटच्या हातांनी किंवा लेझरने, टॉन्सिल काढायचा आणि मानेतल्या गाठी साफ करायच्या. दोन, ऑपरेशन न करता रेडिएशन आणि सोबत केमो.

काकांची मुलगी म्हणाली, "ऑपरेशन करून टाका ना, काढलं की मिटलं." तिचं म्हणणं रास्त होतं. टॉन्सिलमधली गाठ लहान होती, हाताशी येणारी. पण ऑपरेशननंतर पॅथॉलॉजी काय सांगते यावर पुढचं ठरतं. काढलेल्या टॉन्सिलच्या कडा स्वच्छ आणि मानेत एखादीच छोटी गाठ असेल तर बहुधा तिथेच थांबता येतं. गाठी दोन-चार, किंवा ३ सेंटिमीटरहून मोठी असेल तर वर रेडिएशन लागतं. कडेला कॅन्सर उरला, किंवा तो गाठीचं आवरण फोडून एक मिलिमीटरहून जास्त बाहेर पसरला असेल, तर रेडिएशनबरोबर केमोही. काकांची गाठ ३.५ सेंटिमीटर होती, म्हणजे ऑपरेशननंतर रेडिएशन जवळपास ठरलेलंच. शिवाय एमआरआयमध्ये गाठीची एक कड पुसट दिसत होती आणि शेजारच्या स्नायूकडे धूसर रेषा जात होती. आवरण फुटल्याची ही खूण. म्हणजे कात्री लावली असती तर काकांच्या वाट्याला तिन्ही आले असते. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर एका टेबलाशी बसले आणि दहा मिनिटांत ठरलं: कात्री नको. सर्जन असून मी हे सांगतो आहे, म्हणून मुलीला पटायला थोडं सोपं गेलं असावं. हीच गाठ २ सेंटिमीटरची आणि कडेला रेखीव असती, तर मी ऑपरेशनच्या बाजूने बोललो असतो.

मग तिने दुसरा प्रश्न टाकला: "चांगल्या जातीचा कॅन्सर आहे ना, मग डोस कमी करा." हाही प्रश्न बरोबर. जगभरच्या डॉक्टरांनी तो प्रयोगांना विचारून पाहिला आहे. सिस्प्लॅटिन या केमोच्या नेहमीच्या औषधाऐवजी सौम्य मानलेलं सेटुक्सिमॅब देऊन २०१८ साली दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले, दोन्हींत सेटुक्सिमॅबवाले कमी जगले. नंतर रेडिएशनचा डोस, जो ग्रे या एककात मोजतात, ७० ग्रेवरून ६०वर आणून पाहिला, तेही पूर्ण डोसाच्या बरोबरीला उतरलं नाही. ऑपरेशननंतरच्या काही रुग्णांत कमी डोसाचे निकाल आशादायक आहेत, पण काकांसारख्या, ऑपरेशन न झालेल्याला, प्रयोगाबाहेर डोस कमी करणं म्हणजे त्याच्या जिवावर पैज लावणं. पहिली स्टेज म्हणून उपचार हलके होत नाहीत, फक्त बरं होण्याची शक्यता वाढते.

काकांचे उपचार ठरले ते असे: ७० ग्रे, ३५ भागांत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, सात आठवडे. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन, शरीराच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम. काकांचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर, म्हणजे दर वेळी ६८ मिलिग्रॅम. तीन आठवड्यांनी एकदा, दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, ही जुनी, भक्कम पद्धत. पण ती मूत्रपिंडावर आणि कानावर भारी पडते, आणि काकांच्या हिअरिंग टेस्टमध्ये ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्राने केलेली करामत आधीच दिसत होती. एकूण २०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर पोचलं की केमोचा बराचसा फायदा पदरात पडतो असं मानतात. आठवड्याच्या पद्धतीत ते पाचव्या डोसाला होतं. मूत्रपिंड किंवा कान अजिबात साथ देत नसेल तर डोसेटॅक्सेल हा पर्याय मुंबईच्या टाटा मेमोरियलने अभ्यास करून दाखवला आहे.

सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे अनेकांना निरर्थक वाटतं. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा आटतो, आणि मग कधी दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड सडू लागतं. काकांच्या खालच्या दोन दाढा किडलेल्या होत्या. त्या काढल्या आणि हिरड्या भरायला दोन आठवडे थांबलो.

काकांना ते दोन आठवडे नव्हे, दोन महिने हवे होते. ऑक्टोबर उजाडला होता, बागेची छाटणी तोंडावर. "छाटणी उरकून येतो, गाठ काय पळून चाललीय?" छाटणी भावाने केली. पण मध्ये दिवाळी आली आणि रेडिएशनचं मशीन दोन दिवस बंद. हे दोन दिवस नुसते पुढे ढकलायचे नसतात. रेडिएशनमध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी जोमाने वाढतात, म्हणून एकूण दिवस वाढू द्यायचे नाहीत. काकांना एक भाग शनिवारी दिला आणि एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन. आपल्या उपचारांत सुट्टी येत असेल तर "ती भरून कशी काढणार?" हे आधीच विचारून ठेवावं. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर कागदपत्रांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावं, हेही जाता जाता.

तिसऱ्या आठवड्यापासून घसा सोलवटला. चवीचं म्हणाल तर काका म्हणत, "भाकरी पुठ्ठ्यासारखी लागते." पेज, मऊ भात, ताक, अंड्याचं पातळ असं काही चालायचं, मिरची बंद. पाचव्या आठवड्यात वजन सहा किलो उतरलं तेव्हा नाकातून नळी घातली, ती पाच आठवडे होती. नळी असतानाही रोज थोडं पाणी गिळायचंच, असं स्पीच थेरपिस्टने त्यांना दरडावून सांगितलं होतं. गिळणारे स्नायू महिनाभर बिनकामाचे ठेवले तर नंतर सहजी जागे होत नाहीत.

या सगळ्यात एका दुपारी काकू एकट्या आल्या. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "हे लागण होऊन झालंय म्हणतात. माझ्याकडून का?" हा प्रश्न बहुतेक घरांत असतो, विचारला क्वचित जातो. विषाणू शरीरसंबंधातून, तोंडाच्या संपर्कातूनही पसरतो, हे खरं. पण तो इतका सर्रास आहे की बहुतेक प्रौढांना कधी ना कधी भेटून गेलेला असतो, आणि काकांना तो कधी व कुणाकडून आला हे जगातली कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. लग्नाआधीचाही असू शकतो. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, नातवाचे पापे घ्यायला हरकत नाही. काकूंनी आपली नेहमीची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, ती एरवीही करायचीच असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक लस ९ ते २६ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. काकांना तिचा उपयोग नाही, नातवाला वय झाल्यावर आहे.

रेडिएशन संपल्यावर महिनाभरातच मुलीचा फोन आला: गाठ अजून हाताला लागते. लागणारच होती. या जातीच्या पाणीदार गाठी सावकाश सुकतात. लगेच पेट-सीटी केलं तर रेडिएशनची सूजच चमकते आणि विनाकारण ऑपरेशन होतं, म्हणून १२ आठवडे थांबायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासाने दाखवलं की असं थांबून पेट-सीटीवर लक्ष ठेवलं तर सगळ्यांची मान सरसकट उघडण्याइतकंच आयुष्य मिळतं, आणि बहुतेकांचं ऑपरेशन वाचतं. काकांचं स्कॅन फेब्रुवारीअखेर झालं. गाठ १.२ सेंटिमीटरची उरली होती, पण तिच्यात चमक नव्हती. तिला हात लावला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिली, ती बोराच्या बीएवढी झाली होती.

आता दर दोन-तीन महिन्यांनी येतात. मान चाचपतो, दुर्बिणीने घसा बघतो, आणि वर्षातून दोनदा टीएसएच ही रक्ततपासणी करतो, कारण रेडिएशनच्या वाटेत थायरॉइडही येते आणि काही रुग्णांत ती मंदावते. तोंड अजून कोरडं पडतं, खिशात पाण्याची छोटी बाटली असते. तंबाखूची पुडी होती त्याच खिशात.